थिएटरखालचा स्लॅब: नाशिकच्या एका रुग्णालयाच्या प्राथमिक संरचना अहवालाचं प्रकरण

मुंबई-आग्रा महामार्गापासून थोडं आत, नाशिकच्या वाढत्या बाजूला, काही डॉक्टरांनी मिळून सुमारे दोनशे खाटांचं रुग्णालय बांधायचं ठरवलं. एक तळघर, तळमजला आणि वर सहा मजले. २०२२ मध्ये आर्किटेक्टचा पहिला आराखडा आमच्याकडे आला, तेव्हा मागणी साधी होती: प्लॅन पक्का करण्याआधी कोणती फ्रेमिंग पद्धत घ्यायची, ते सांगणारा प्राथमिक अहवाल द्या. असे अहवाल बहुतेक वेळा ठरीव असतात. चार पर्याय, एक तक्ता, प्रत्येकाला गुण, आणि शेवटी नेहमीचा बीम-स्लॅब स्वस्त म्हणून पहिला. इथेही शेवटी बीम-स्लॅबच निवडला गेला, पण खर्चासाठी नाही. निकाल लावला तो दोन प्रश्नांनी: थिएटरची जमीन किती हलेल, आणि दहा-पंधरा वर्षांनी डॉक्टर भिंती, संडास, मशीन हलवायला लागले तर इमारत त्यांना किती मोकळीक देईल.

आराखड्यात कॉलमची जाळी ८.४ बाय ८.४ मीटर होती. कारण उघड होतं. तळघरात दोन कॉलमच्या मध्ये तीन गाड्या बसतात, आणि वर वॉर्डात ४.२ मीटरच्या दोन खोल्या. तळमजल्यावर इमर्जन्सी, एमआरआय आणि सीटी, पहिल्यावर ओपीडी आणि लॅब, दुसऱ्यावर ऑपरेशन थिएटर आणि आयसीयू, तिसऱ्यावर थिएटरच्या बरोबर डोक्यावर एसीच्या एअर हँडलिंग युनिटची खोली आणि बाजूला वॉर्ड, त्यावर वॉर्डच वॉर्ड. मजल्याची उंची ४.२ मीटर.

जमिनीची बाजू नाशिकला साजेशी सोपी होती. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. काळी माती फुगते आणि आकसते म्हणून ती पूर्ण काढायची, पाया मुरूम ओलांडून कातळावर न्यायचा. साध्या फुटिंगवर भागत होतं, म्हणून त्यावर अहवालात एकच पान खर्च केलं.

कोणता पर्याय कशात अडतो

आम्ही चार पद्धती तपासल्या: आरसीसी बीम-स्लॅब आणि सोबत शिअर वॉल, म्हणजे आडवं बल घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती; बीमविना फ्लॅट स्लॅब, कॉलमपाशी जाड केलेला ड्रॉप आणि शिअर वॉल; पोस्ट-टेन्शन, म्हणजे आतल्या केबल ताणून आवळलेला फ्लॅट स्लॅब; आणि स्टीलची फ्रेम, वर डेक शीट आणि काँक्रीट.

आर्किटेक्ट मॅडमचा कल पोस्ट-टेन्शनकडे होता, आणि तो समजण्यासारखा होता. स्लॅब २२० मिमीत बसतो, खाली बीम नाहीत, डक्ट सरळ जातात, मजल्याची उंची वाचते. त्या म्हणाल्या, "सर, बीममुळे माझे डक्ट सारखे वरखाली उड्या मारतात. फॉल्स सीलिंग खाली येतं आणि डॉक्टर माझ्यावर चिडतात." मुद्दा खरा होता. पण नाशिकसाठी भूकंपाचं गणित आधी करावं लागतं.

२०१६ च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडनुसार नाशिक झोन तीनमध्ये येतं, झोन गुणांक ०.१६. रुग्णालयाचा महत्त्व गुणांक १.५, कारण भूकंपानंतर ही इमारत चालू राहायला हवी. बलाचं सूत्र असं:

```
Ah = (Z/2) × (I/R) × (Sa/g)
```

Ah म्हणजे इमारतीच्या वजनाचा किती अंश आडवं बल म्हणून धरायचा तो आकडा, Z झोन गुणांक, I महत्त्व गुणांक, R न कोसळता वाकत राहण्याच्या क्षमतेचा गुणांक, आणि Sa/g म्हणजे हादऱ्याला इमारत किती प्रतिसाद देते ते. इमारतीचा आवर्तनकाळ आखूड असल्याने Sa/g २.५ धरला. बीम आणि कॉलमच्या खास लवचीक फ्रेमला R पाच मिळतो, म्हणून Ah येतो ०.०६. फ्लॅट स्लॅब आणि भिंतींच्या पद्धतीला R तीनच मिळतो, आणि तोही अटींसह: सगळं आडवं बल भिंतींनी घ्यायचं, शिवाय परिघावरच्या फ्रेमनी त्यातलं २५ टक्के स्वतंत्रपणे पेलायचं. Ah येतो ०.१०. इमारत तीच, जागा तीच, पण आडवं बल जवळजवळ पावणेदोन पट. त्या भिंती थिएटर, लिफ्ट आणि कॉरिडॉरच्या मध्ये जागा शोधत फिरतात, आणि पुढे त्या कधीच हलवता येत नाहीत. दोन्ही फ्लॅट स्लॅब पर्याय इथेच मागे पडले. बाद मात्र केले नव्हते, कारण कंपनाचा हिशोब बाकी होता.

जमीन किती हलते

रुग्णालयात कंपन म्हटलं की लोकांना जनरेटर आठवतो, नाहीतर हायवेचे ट्रक. इथे पाया कातळावर होता आणि रस्ता अगदी लगत नव्हता, त्यामुळे ट्रकचा प्रश्न किरकोळ होता. खरा त्रास माणसांच्या चालण्याचा असतो. नर्स घाईत कॉरिडॉरमधून जाते तेव्हा सेकंदाला दोन ते अडीच पावलं पडतात. प्रत्येक पाऊल स्लॅबला एक धक्का देतं, आणि त्या धक्क्यात पावलांच्या गतीच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे अंशही असतात. स्लॅबची स्वतःची वारंवारता यातल्या एखाद्या पटीशी जुळली की पावलागणिक हालचाल वाढत जाते. म्हणून १० हर्ट्झखालचा स्लॅब अनुनादात सापडू शकतो. त्यावर गेलं की चौथी पटही मागे राहते, आणि प्रत्येक पाऊल हा फक्त एक सुटा धक्का राहतो, जो पुढचं पाऊल पडेपर्यंत बराच विरतो.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडमध्ये झुकावाच्या मर्यादा आहेत, पण थिएटरची जमीन चालण्याने किती हलावी याचा आकडा नाही. आम्ही ब्रिटनच्या आरोग्य खात्याची एचटीएम ०८-०१ ही मार्गदर्शिका वापरली. तिच्यात रिस्पॉन्स फॅक्टर नावाचं माप आहे. एक म्हणजे माणसाला जेमतेम जाणवेल इतकी हालचाल; ८ हर्ट्झच्या वर ती सरासरी वर्गमूळ वेगाने सेकंदाला ०.१ मिमी. थिएटरला मर्यादा १, वॉर्डला २, सामान्य लॅब आणि उपचार खोल्यांना ४, डॉक्टरांच्या तपासणी खोल्यांना ८. म्हणजे थिएटरची जमीन कोणालाही हललेली कळता कामा नये. डोळ्याच्या किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाखाली काम चालतं, तिथे उपकरणाची मागणी याच्या निम्मी, सेकंदाला ०.०५ मिमी, असू शकते.

आता चारही पर्यायांचं हातगणित. वारंवारतेचा झटपट अंदाज झुकावावरून काढता येतो. स्लॅबवर खरोखर असणारं वजन घ्यायचं, म्हणजे स्वतःचं वजन, फरशी, सीलिंग आणि माणसं-सामानाचा थोडा भार. डिझाइनमध्ये धरलेला पूर्ण जिवंत भार नाही. त्यातून निघणारा तात्कालिक झुकाव मिमीमध्ये धरायचा:

```
f ≈ 18 / √δ
```

बीम-स्लॅबच्या पहिल्या मापात १६० मिमीचा स्लॅब, २.८ मीटरवर ३०० बाय ६०० चे दुय्यम बीम आणि ४०० बाय ७५० चे मुख्य बीम होते. दुय्यम बीम ३.३ मिमी झुकतो. मुख्य बीम कॉलममध्ये अर्धवट जखडलेला धरला तर सुमारे २ मिमी. बेरीज ५.३, वारंवारता ७.८ हर्ट्झ. इथे थांबून पाहण्यासारखं आहे. कोडच्या स्पॅन भागिले २५० च्या हिशोबाने ८.४ मीटरला ३३ मिमीपर्यंत झुकाव चालतो. तो आकडा दीर्घकालीन झुकावाचा आहे हे खरं, पण त्या परीक्षेत हा स्लॅब आरामात पास होतो. तरी ७.८ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १.९५ पावलांची बरोबर चौथी पट, आणि तशी पावलं म्हणजे अगदी सामान्य चाल. ताकदीचं गणित बघून हे कधीच कळलं नसतं.

पोस्ट-टेन्शनचा २२० मिमीचा स्लॅब ५ ते ५.५ हर्ट्झवर बसला, चालीच्या तिसऱ्या पटीवर. तिसरी पट चौथीपेक्षा थोडी जास्त जोरकस असते. आधीच ताण दिल्यामुळे स्लॅबला तडे जात नाहीत, म्हणून तो हलणारच नाही, असा एक समज ऐकायला मिळतो. तडे नसतील तर पूर्ण छेदाचा ताठपणा मिळतो, एवढंच. जाडी २२० ची २२०च राहते. ड्रॉप असलेला २६० मिमीचा साधा फ्लॅट स्लॅब ६ ते ६.५ हर्ट्झवर आला. तो जड असल्याने थोडा बरा, कारण तेवढाच धक्का जास्त वस्तुमानाला हलवतो तेव्हा वेग कमी येतो.

स्टीलची अडचण नेमकी उलटी होती. बीम खोल घेऊन वारंवारता वाढवता येते, पण मजला चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरतो, तर आरसीसी ७५० ते ९००. हलका मजला तेवढ्याच पावलाने जास्त हलतो, आणि ते भरून काढायला काँक्रीट वाढवलं की स्टीलचा फायदाच संपतो. अंबड-सातपूरच्या औद्योगिक भागात फॅब्रिकेशनची सोय आहे, वेळ वाचला असता, आणि पुढे मजले चढवायला स्टील चांगलं. पण अग्निसंरक्षणाचा थर आणि हे जादा काँक्रीट धरल्यावर थिएटरच्या मजल्यासाठी आमचा कौल त्याला नव्हता.

पूर्ण इमारत ताठ करायची नव्हती

७.८ हर्ट्झचा आकडा पाहून पहिली सूचना कंत्राटदाराच्या माणसाकडून आली: सगळीकडे बीम मोठे करा, झंझट नको. हे महागडं आणि अनावश्यक होतं. ओपीडीच्या खोल्यांना मर्यादा ८ आहे, तिथे पहिलं माप पुरतं. वॉर्डांमध्ये खोल्यांच्या भिंती कंपन शोषतात आणि लांब सरळ चाल फक्त कॉरिडॉरमध्ये असते. तरी वॉर्डांची मर्यादा २ आहे, म्हणून वॉर्डच्या गाळ्यांचं, म्हणजे चार कॉलममधल्या एकेका चौकोनाचं, सविस्तर मॉडेल पुढच्या टप्प्यात करायचं, असं अहवालात लिहिलं. जादा ताठपणा फक्त थिएटरच्या गाळ्यांना द्यायचा ठरला.

तिथे स्लॅब २०० मिमी, दुय्यम बीम ३०० बाय ७५०, मुख्य बीम ४५० बाय ९००. झुकाव १.९ आणि १.१, बेरीज ३ मिमी, वारंवारता १०.४ हर्ट्झ. आता अनुनाद सुटला. राहिला सुटा धक्का, त्याचं सूत्र काँक्रीट सेंटरच्या सीसीआयपी-०१६ या मार्गदर्शिकेत आहे:

```
I = 54 × fw^1.43 / fn^1.3
```

इथे I म्हणजे पावलाचा धक्का, fw म्हणजे पावलांची गती, fn म्हणजे स्लॅबची वारंवारता. थिएटरच्या आत माणूस घाईत चालत नाही. सेकंदाला १.८ पावलं धरली की धक्का येतो सुमारे ६ न्यूटन-सेकंद. एका गाळ्याचं हलणारं वस्तुमान गाळ्याच्या वजनाच्या चौथा हिस्सा, म्हणजे साडेपंधरा टन. भागाकार केला की कमाल वेग सेकंदाला ०.३९ मिमी, आणि पुढच्या पावलापर्यंतची विरण धरून सरासरी वर्गमूळ वेग ०.१८ च्या जवळपास. रिस्पॉन्स फॅक्टर १.८. मर्यादा १.

म्हणजे इतकं करूनही हातगणित नापासच होतं. पण त्यात एक कंजूषपणा आहे. गाळा एकटाच हलतो असं धरलं आहे. प्रत्यक्षात शेजारचे गाळे त्याच काँक्रीटमध्ये अखंड ओतलेले असतात आणि सोबत ओढले जातात. दोन गाळ्यांनी धक्का वाटून घेतला तर आकडा ०.९ वर येतो. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये असतं. शेजारचे गाळे आणि कॉलम घेऊन केलेल्या प्राथमिक मॉडेलने ते १.२ च्या आसपास दाखवलं. प्राथमिक टप्प्यावर हे "सीमेवर" असंच लिहावं लागतं. "समाधानकारक" लिहिलं की पुढे कोणी परत तपासत नाही. थिएटरच्या गाळ्यांत आणखी २५ मिमी स्लॅब वाढवण्याची सोय हाताशी राहावी म्हणून त्याचं वजन पायात आणि कॉलममध्ये आधीच धरून ठेवलं. ही तरतूद आत्ता जवळजवळ फुकट पडते. नंतर करायची तर कॉलमला जॅकेटिंग आलं.

दुसरी गोष्ट बीम न वाढवता मिळाली. थिएटरसमोरचा स्वच्छ कॉरिडॉर आराखड्यात बरोबर गाळ्याच्या मधोमध जात होता, म्हणजे स्लॅब सगळ्यात जास्त हलतो तिथून. कॉरिडॉरमध्ये गती अडीच पावलांपर्यंत जाते, आणि १.८ वरून २.५ वर गेलं की त्याच सूत्राने धक्का १.६ पट होतो. कॉरिडॉर ४.२ मीटर सरकवून कॉलमच्या ओळीवर, मुख्य बीमच्या माथ्यावर आणला. तिथे स्लॅबची हालचाल मध्यापेक्षा कितीतरी कमी असते. मॅडमना त्यासाठी थिएटरचे दरवाजे आणि स्क्रब एरिया फिरवावे लागले. त्या जरा वैतागल्या, पण दुसऱ्याच दिवशी नवा प्लॅन आला, आणि तो पहिल्यापेक्षा सुटसुटीत होता.

खोल बीमचा त्रास कुठे झाला हेही सांगायला हवं. ९०० मिमीचा बीम थिएटरच्या जमिनीखाली, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या ओपीडीच्या छतात येतो. ४.२ मीटरमधून फरशी, बीम आणि २.७ मीटरचं सीलिंग वजा केलं की डक्टला अर्धा मीटर उरतो. ओपीडीला ते पुरतं. थिएटरच्या स्वतःच्या छताला ते पुरलं नसतं, कारण तिथे हवेचा मोठा प्लेनम आणि मोठे डक्ट येतात. म्हणून फक्त त्या एका मजल्याची उंची ४.८ केली.

डोक्यावरचं यंत्र

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग थिएटरच्या वरच्या स्लॅबचा आहे. कंपन म्हटलं की सगळे पायाखाली बघतात. पण थिएटरमधले दिवे, पेंडंट आणि अनेकदा सूक्ष्मदर्शकही छताला टांगलेले असतात. छताला टांगलेल्या सूक्ष्मदर्शकाला खालचा स्लॅब किती ताठ आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तो वरच्या मजल्याच्या हालचालीवर झुलतो. आणि आराखड्यात नेमकी वरच एअर हँडलिंग युनिटची खोली होती.

असं का केलं जातं हे उघड आहे. डक्ट आखूड पडतो, हवेचा दाब कमी घटतो, मेकॅनिकल सल्लागार खूश. पण १४५० फेऱ्यांचा पंखा म्हणजे २४ हर्ट्झचं अखंड कंपन. माणूस चालून निघून जातो, पंखा सर्जरी चालेपर्यंत थांबत नाही. स्प्रिंगवर ठेवला तरी स्प्रिंग नीट काम करतात ते खालचा स्लॅब स्प्रिंगपेक्षा बराच ताठ असेल तेव्हाच. ८.४ मीटरच्या मध्यावर ठेवलेलं युनिट आणि स्लॅब हे दोघेही लवचीक, मग स्प्रिंगचा निम्मा फायदा निघून जातो.

बैठकीत डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "अहो, आमच्या जुन्या ठिकाणी कोणी बाजूच्या खोलीत स्टूल ओढलं तरी चित्र थरथरतं. आम्ही क्षणभर हात थांबवतो."

हे वाक्य मी अहवालात घातलं नाही, पण निर्णय त्यावरच झाला. युनिटची खोली थिएटरवरून हटवून लिफ्ट आणि शिअर वॉलच्या शेजारच्या गाळ्यात, कॉलमजवळ नेली. डक्ट लांबला. पंखा थोडा मोठा लागला. थिएटरच्या वर फक्त स्टोअर आणि स्टाफरूम ठेवल्या, वॉर्डाचा कॉरिडॉर नाही. आणि सूक्ष्मदर्शकाची खोली कोपऱ्याच्या गाळ्यात, शक्य तितकी कॉलमजवळ, फ्लोअर स्टँडवाल्या मॉडेलची शिफारस करून. त्या एका खोलीचं अंतिम उत्तर उपकरण ठरल्याशिवाय देता येत नाही. कंपनीची सहनमर्यादा कोणत्या वारंवारतेला किती, हे लेखी मिळवा, असं अहवालात ठळक अक्षरात घातलं.

एमआरआयचं प्रकरण सरळ सुटलं. ती तळमजल्यावर होती खरी, पण तिच्याखाली तळघरातलं पार्किंग. कंपनाचा प्रश्न होताच. त्याहून वाईट म्हणजे चुंबकाखालून हलणारी लोखंडी गाडी चुंबकीय क्षेत्रच बिघडवते, चित्रात दोष येतात. आम्ही तळघर एमआरआयच्या आधीच्या गाळ्यात थांबवायला सांगितलं. एमआरआय मुरमाच्या भरावावर, जमिनीवर टेकलेल्या स्लॅबवर. सात-आठ गाड्यांची जागा गेली, पण तेवढा कातळ फोडण्याचा खर्चही वाचला. शिवाय बाहेरच्या भिंतीत मशीन आत-बाहेर नेण्यासाठी बीम-कॉलमशी न जोडलेला एक भाग ठेवला. चुंबक कित्येक टनांचा असतो, आणि इमारतीपेक्षा तो खूप लवकर जुना होतो.

मोकळीक म्हणजे भोक कुठे पाडता येईल

आता दुसरा प्रश्न. "लवचीक इमारत हवी" असं सगळेच म्हणतात. आम्ही डॉक्टरांना विचारलं, नक्की काय बदलणार? उत्तर मिळालं: वॉर्डाचं आयसीयू होईल, डायलिसिस वाढेल, जनरल वॉर्डाच्या स्वतंत्र खोल्या होतील. या सगळ्याचं इंजिनिअरी भाषांतर एकच: नवे संडास, नव्या ड्रेनेज लाइनी, नवे गॅस पाइप आणि नवे डक्ट, म्हणजे स्लॅबला नवी भोकं.

पोस्ट-टेन्शन इथे शेवटी पडला. त्यात ताणलेल्या केबल कुठून जातात हे स्कॅन केल्याशिवाय कोअर कटरला हात लावता येत नाही, आणि एक केबल तुटली तर एक सळई तुटण्यासारखं ते नसतं. दहा वर्षांनी रात्री प्लंबर चार इंची पाइपसाठी भोक पाडायला येईल तेव्हा रेखाचित्रं कोणाकडे असतील? साध्या फ्लॅट स्लॅबची अडचण वेगळी. पाइप सगळ्यांना कॉलमच्या कडेला लपवायचे असतात, आणि कॉलमच्या कडेचं काँक्रीटच तिथे स्लॅबला कॉलममधून आरपार घुसण्यापासून वाचवतं. भोकाची सोयीची जागा आणि भोकाची सगळ्यात धोक्याची जागा एकच. बीम-स्लॅबमध्ये दुय्यम बीमच्या मधल्या २.८ मीटरच्या पट्ट्यात पाइपाएवढी भोकं बिनघोर पाडता येतात. मोठ्या शाफ्टसाठी आम्ही प्रत्येक मजल्यावर काही ठरावीक चौकोन आखून दिले, त्यांच्या कडेची जादा सळई आत्ताच घातली. आज तिथे नुसता स्लॅब आहे, उद्या कापला तरी चालेल.

खरा वाद झाला तो संकन स्लॅबवर. आपल्याकडे संडासाचा स्लॅब ३०० मिमी खाली सोडून त्यात पाइप टाकून भराव करायची रीत पक्की आहे. प्रत्येक खोलीला जोडलेला संडास, म्हणजे प्रत्येक गाळ्यात दोन खड्डे. एकदा ते ओतले की संडास तिथेच कायम, आणि गळती झाली तर पाणी भरावात महिनोन्‌महिने मुरतं. आम्ही सांगितलं, वॉर्डांच्या मजल्यांवर स्लॅब सपाट ठेवा, पाइप खालच्या सीलिंगमध्ये लटकवा. मॅडमची हरकत रास्त होती: मग वरच्या संडासाची गळती खालच्या रुग्णाच्या डोक्यावर. तोडगा असा निघाला की वॉर्ड एकावर एक असल्याने चौथ्या मजल्यापासून वर लटकते पाइप, आणि थिएटर-आयसीयूच्या वरच्या मजल्यावर, थिएटरच्या पायठशावर, संडास अजिबात नाही. शिवाय भरावाच्या वजनाचा मोठा बोजाही वाचला.

भिंतींबाबत एक छोटा पण परिणामकारक आकडा. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार, जागा न ठरलेल्या भिंतींसाठी त्यांच्या मीटरभर वजनाच्या एक-तृतीयांश भार प्रत्येक चौरस मीटरला धरावा लागतो. प्लास्टर केलेली चार इंची विटांची भिंत मीटरला १० किलोन्यूटनच्या आसपास भरते, म्हणजे स्लॅबवर ३.३. एएसी ब्लॉकची १५० मिमीची भिंत त्याच्या निम्मी. एएसी घेतली तर भिंत कुठेही हलवा, स्लॅबला फरक पडत नाही. विटांची घेतली तर त्या सोयीसाठी संपूर्ण इमारत जड करावी लागते, आणि जड इमारत भूकंपातही जास्त ओढते. जिवंत भारात कोडने वॉर्डाला २ आणि कॉरिडॉरला ४ किलोन्यूटन सांगितलेत. आम्ही वॉर्डांच्या मजल्यांना थिएटरचाच किमान ३ सगळीकडे धरला, म्हणजे वॉर्डाचं आयसीयू करताना कोणाला विचारायची गरज नाही. कॉरिडॉर चारवरच ठेवला. सगळीकडे चार धरण्याचा आग्रह एका डॉक्टरांचा होता. त्याचा बोजा पायापर्यंत जातो आणि वापर होईलच असं नाही, म्हणून तो मान्य केला नाही. भविष्यातले दोन जादा मजले मात्र पाया आणि कॉलममध्ये धरले, कारण ते नंतर देता येत नाहीत.

अहवालात शेवटी काय गेलं

शिफारस बीम-स्लॅब आणि शिअर वॉलची, आयएस १३९२० च्या लवचीक बांधणीने, थिएटरच्या गाळ्यांना वेगळ्या मापांसह. मॅडमच्या डक्टच्या तक्रारीसाठी मुख्य बीमच्या मधल्या एक-तृतीयांश भागात ठरावीक आकाराच्या आरपार जागा ठेवल्या. कॉलमपाशी नाही, तिथे भूकंपात बीमचं सगळं काम चालतं.

आणि एक तपासणी जोडली, जी नाशिकमध्ये सहसा कोणी निविदेत लिहीत नाही. थिएटरच्या मजल्याचं सेंट्रिंग काढल्यावर, भिंती चढण्याआधी, स्लॅबच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरोमीटर ठेवून टाच आपटण्याची चाचणी घ्यायची, मग मेट्रोनोमच्या ठोक्यावर एका माणसाला चालवायचं. उघड्या स्लॅबवर फरशीचं वजन नसतं, म्हणून वारंवारता गणितापेक्षा थोडी जास्तच दिसली पाहिजे. ती कमी दिसली तर दोन कारणं बघायची: सेंट्रिंग लवकर काढल्याने बीमला तडे गेलेत का, आणि काँक्रीटची ताकद खरोखर आली आहे का. कंपनविरण मात्र उघड्या स्लॅबवर नेहमी कमी येते, एक-दीड टक्का. आम्ही धरलेले तीन टक्के भिंती आणि सीलिंग लागल्यावरच मिळतात, त्यामुळे त्या दिवशीचा चालण्याचा आकडा मर्यादेशी थेट ताडायचा नाही. वारंवारता जुळते का एवढंच बघायचं, आणि मॉडेलमध्ये ती घालून मग थिएटरचा निकाल काढायचा. निकाल १ च्या वर गेला तर स्लॅबवर २५ मिमी जादा काँक्रीट बांधून घालायचं, फरशी त्यानंतरच.